एका चाशाकुच्या नोंदी

7 जानेवारी

आज जपानी चहाविधीच्या आमच्या वर्गात वर्षातला पहिला चहा झाला. वाडगे धुऊन ठेवल्यावर सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या गुरूंनी, यंदाचं काम सांगितलं. 28 मार्चला सोळाव्या शतकातला चहागुरू रिक्यू याच्या स्मृतिदिनाचा चहा आहे, त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाने स्वतः कोरलेला चाशाकु घेऊन यायचा. म्हणून ही वही सुरू करते आहे.

चाशाकु म्हणजे चहाची हिरवी पूड डबीतून वाडग्यात घालायचा बांबूचा चमचा. साधारण 18 सेंटिमीटर लांब, करंगळीहून अरुंद, एका टोकाशी वळवलेला. हातात घेतला तर वजन जाणवत नाही. चहाच्या खोलीतल्या बाकीच्या बहुतेक वस्तू कारागिरांच्या असतात. वाडगा कुंभाराचा, किटली ओताऱ्याची, डबी लाखकाम करणाऱ्याची. चाशाकु मात्र चहा करणाऱ्याने स्वतः कोरावा, अशी चारशे वर्षांपूर्वीपासूनची रीत आहे. नागोयात आल्यापासून सहा वर्षं मी दर रविवारी तो हातात धरते आहे, पण तो कसा होतो याचा कधी विचार केला नव्हता.

14 जानेवारी

सेन्सेईंकडे एक लांबट लाकडी खोकं आहे, त्यात बांबूच्या कामट्या ठेवलेल्या असतात. बहुतेक पांढऱ्या बांबूच्या. हा बांबू मुळात हिरवाच असतो. विस्तवावर धरून त्याचं तेल बाहेर काढतात, पुसतात, मग उन्हात ठेवतात आणि तो हस्तिदंती रंगाचा होतो. दोनचार कामट्या सुसुदाकेच्या होत्या. जुन्या शेतघरांच्या गवती छपराखाली जो बांबू शंभर-दीडशे वर्षं चुलीचा धूर खात राहिला, तो हा. रंग खजुरासारखा, आणि जिथे दोरी बांधलेली होती तिथे फिकट पट्टा. मी लगेच हात घातला.

सेन्सेई म्हणाल्या, "तो नको. इतका वाळलाय की वाकवताना तुटेल. पहिला पांढऱ्याचाच करा."

मग मी पांढऱ्यातली सगळ्यात स्वच्छ कामटी निवडली. त्यांनी ती बघितली, बाजूला ठेवली आणि दुसरी दिली. तिच्या गाठीच्या थोडं वर करडा डाग होता, ओल्या बोटाने शाई पसरावी तसा. बुरशीमुळे उभ्या बांबूलाच पडलेला. त्या एवढंच म्हणाल्या की स्वच्छ कामटीवर सगळ्यांचे चाशाकु सारखेच होतात.

सरावासाठी एक अख्खं कांडंही दिलं, ते स्वतः फोडायला. जपानी सुतारांचा एक नियम इथे कळला : लाकूड बुंध्याकडून फोडायचं, बांबू शेंड्याकडून. मी उलटं करून पाहिलं. पातं गाठीपाशी आलं आणि चीर एका बाजूला पळाली. शेंड्याकडून फोडल्यावर ती गाठीतूनही सरळ गेली. आपल्याकडच्या बुरुडाला हे सांगावं लागणार नाही, मला मात्र पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

21 जानेवारी

आज हत्यार घेतलंच नाही. सेन्सेईंनी तीन चाशाकु चटईवर ओळीने ठेवले आणि फक्त गाठ कुठे आहे ते बघायला सांगितलं.

पहिल्याला गाठच नव्हती. दुसऱ्याची गाठ अगदी खालच्या टोकाला होती. तिसऱ्याची मधोमध, मध्याच्या किंचित खाली.

या तीन चमच्यांत दीडशे वर्षांचा इतिहास आहे. चहा चीनमधून आला तेव्हा पूड काढायला औषधाचे चमचे वापरत, हस्तिदंताचे नाहीतर धातूचे. हस्तिदंताला गाठ नसते. पंधराव्या शतकात मुराता जुको या चहागुरूने चिनी भारी वस्तूंच्या बरोबरीने साध्या देशी वस्तू चहाच्या खोलीत आणायला सुरुवात केली आणि बांबूचा चमचा आला, पण त्याचं रूप हस्तिदंतासारखंच ठेवलेलं, गाठ टाळून. पुढे चहागुरू ताकेनो जोओच्या काळी गाठ दिसू लागली, पण टोकाला, जिथे ती कुणाच्या नजरेत भरत नाही. जोओचा शिष्य सेन नो रिक्यू याने ती मधोमध आणली.

बांबूच्या कुठल्याही तुकड्यात डोळ्यांत खुपणारी जागा गाठच. रेषा तिथे तुटते, रंग बदलतो, सुरी अडते. हस्तिदंताच्या डोळ्याने पाहिलं तर गाठ हा दोष. रिक्यूने दोष लपवला नाही किंवा सजवलाही नाही. चमचा धरला की नजर जिथे जाते तिथे तो ठेवला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं माप त्यावरून ठरवलं. आज आपण 'चाशाकु' म्हणतो तेव्हा हाच मधल्या गाठीचा चमचा डोळ्यांसमोर येतो.

चहाचे लोक यालाच वाबी म्हणतात. 'वाबी-साबी' हा जोडशब्द माझ्या वर्गात मी क्वचितच ऐकला. ती जोडी बरीच अलीकडची आहे. वाबीच्या मुळाशी उणीव आहे, हवं ते न मिळाल्याची खंत आहे. साबी म्हणजे वस्तूवर साचलेला काळ. सुसुदाकेकडे मी धावले ती साबीच्या ओढीने. सेन्सेईंनी हातात दिली ती वाबी, हे आता लिहिताना लक्षात येतं आहे.

28 जानेवारी

वाकवणं. पहिली कामटी मोडली.

कृती अशी. कामटी 25 सेंटिमीटर लांब ठेवायची, म्हणजे दोन्ही टोकांना धरायला जागा राहते. बांबूची साल ही चमच्याची वरची बाजू आणि आतला गर ही खालची. जिथे वळण घ्यायचं तिथे गराच्या बाजूने तासून जाडी दोन मिलिमीटरच्या आत आणायची. मग ते टोक पाण्यात बुडवून ठेवायचं. मी चार दिवस ठेवलं. नंतर मेणबत्तीच्या ज्योतीवर गराची बाजू धरून हळूहळू फिरवायची. ओल आणि उष्णता मिळाली की बांबूचे धागे धरून ठेवणारं द्रव्य मऊ पडतं, आणि गार झालं की जसं असेल तसं घट्ट होतं. एवढ्या दोन-तीन मिनिटांत वळण द्यायचं असतं.

मला वाटलं पुरेसं तापलं. सालीकडे वाकवायला लागले, अर्धं वळण आलं आणि बाहेरच्या अंगाला 'टिक्' असा बारीक आवाज झाला. गराचा एक धागा उठला होता. तिथेच थांबायला हवं होतं. आणखी जोर लावला आणि टोक हातात आलं.

सेन्सेईंनी तुकडे भिंगाखाली धरून कारण दाखवलं. चमचा सालीच्या बाजूला वळतो, म्हणून साल वळणाच्या आत दबते आणि गर बाहेरून ताणला जातो. सालीजवळ धागे दाट असतात, गरात विरळ. म्हणजे ताण नेमका कमजोर बाजूवर येतो. गर जितका जास्त शिल्लक ठेवाल तितका तो आधी फाटेल. मी मजबुतीसाठी म्हणून जाडी जास्त ठेवली होती, आणि मोडली त्यामुळेच.

डागाची कामटी अजून शाबूत आहे. सरावाच्या तुकड्यांवर आणखी दोनदा केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

4 फेब्रुवारी

सरावातला एक करपला, दुसरा जमला. करपला तो ज्योत स्थिर ठेवल्यामुळे. गराच्या बाजूचा काळेपणा नंतर तासून जातो, सालीवर आला तर कायमचा.

मग डागाची कामटी घेतली. या वेळी वळणाची जागा दीड मिलिमीटरपर्यंत खाली आणली. ज्योतीवर धरल्यावर कडेने पाण्याचे बारीक बुडबुडे यायला लागले आणि वास बदलला, कणीस भाजताना सुरुवातीला येतो तसा. बोटांना ती एकदम ढिली झाल्यासारखी वाटली. कळायची खूण हीच, आणि ती सांगून कळण्यासारखी नव्हती. गोल दांडक्यावर अंगठ्याने दाबत वळवली, ओल्या फडक्याने गार केली, दोऱ्याने बांधली. आठवडाभर सोडायची नाही.

वळण थोडं उथळ आलं आहे. आणखी दाबायचा धीर झाला नाही.

18 फेब्रुवारी

दोरा सोडला, वळण टिकलं. आता कोरणं. हत्यार एकच, तिरक्या पात्याची छोटी सुरी. सुरी ओढायची नाही. डाव्या अंगठ्याने पात्याच्या पाठीला पुढे ढकलायचं. ढलपी कागदासारखी पातळ निघाली पाहिजे.

गाठीच्या वर एक उथळ खोबण धावते. बांबूच्या गाठीवर फांदीचा डोळा असतो आणि त्याच्या वरच्या कांड्यावर ही खोबण आपोआप पडलेली असते. जपानीत तिला 'हि' म्हणतात. या शब्दाचा रोजचा अर्थ विचारला तर सेन्सेईंनी खिडकीबाहेर बोट केलं : छपराच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेतं ते. म्हणजे आपली पन्हळ. टोकाच्या अगदी शेवटच्या कडेला 'त्सुयु' म्हणतात, दव. पन्हळ, गाठ, दव, एवढ्या नावांत चमचा संपतो.

माझ्या कामटीत पन्हळ मधोमध नाही, डावीकडे सरकलेली आहे. ती मध्ये दिसावी म्हणून मी उजवी कड जास्त तासायला लागले. पाऊण तासाने चमचा गाठीपाशी वाकडा दिसायला लागला. कडा कुठल्याही सरळ असू देत, धागे आपल्या दिशेनेच जातात. सुरी त्यांना आडवी गेली की कड कुसळांनी भरते. कुसळ दिसलं की दिशा चुकली असं समजायचं. मग कडा धाग्यांच्या मागे जाऊ दिल्या. चमचा गाठीखाली अगदी किंचित उजवीकडे झुकला आहे. समोरून बघताना कळत नाही, डबीवर ठेवला की कळतं.

गाठीच्या खालच्या अंगाचा गर जरा खोल तासला. बाजूने पाहिलं की तिथे कंबर आत गेल्यासारखी दिसते, तिला मुंगीची कंबर म्हणतात. त्यामुळे डबीच्या गोल झाकणावर चमचा डुगडुगत नाही. हे मी केवळ दिसण्यासाठी आहे असं समजत होते.

25 फेब्रुवारी

आज तोकुगावा कलासंग्रहालयात 'नामिदा' पाहिला. नामिदा म्हणजे अश्रू. रिक्यूने स्वतः कोरलेला चाशाकु.

ही गोष्ट नीट लिहून ठेवते. रिक्यू हा साकाइ बंदरातल्या व्यापारी घरातला, क्योतोच्या दाइतोकुजी या झेन मठात साधना केलेला, आणि जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याचा चहागुरू. 1591 साली हिदेयोशीची त्याच्यावर मर्जी फिरली. जी कारणं पुढे केली गेली त्यांतलं एक असं की दाइतोकुजीच्या महाद्वाराच्या वरच्या मजल्यावर रिक्यूचा पुतळा बसवला होता, आणि त्या दारातून जाणारा प्रत्येक जण, खुद्द हिदेयोशीसुद्धा, त्याच्या पायांखालून जाणार. रिक्यूला साकाइला निघून जायचा हुकूम झाला. शिष्यांत मोठमोठे सरदार होते, पण योदो नदीच्या धक्क्यावर निरोपाला उघडपणे आले ते दोघेच, होसोकावा सानसाइ आणि फुरुता ओरिबे. दुसऱ्या महिन्याच्या 28 तारखेला रिक्यूने आज्ञेप्रमाणे स्वतःचं पोट चिरलं. वय 70.

शेवटच्या दिवसांत त्याने बांबूचे चमचे कोरले. एक सानसाइला मिळाला, त्याचं नाव 'इनोची', म्हणजे प्राण. दुसरा ओरिबेला, तो नामिदा. चमचा ठेवायला बांबूची नळी करतात. ओरिबेने काळ्या लाखेची नळी केली आणि तिला एक लांबट चौकोनी खिडकी कापली. मग ती नळी तो उभी ठेवी आणि खिडकीतून आतल्या चमच्याला नमस्कार करी, मृताच्या नावाच्या पाटीला जपानी घरात करतात तसा. आपल्या देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या टाकांच्या जागी एक बांबूची काडी.

काचेपलीकडे ती काडी आणि ती नळी शेजारी शेजारी होत्या. मी तासभर तिथे होते. पांढरा बांबू, आता मधासारखा झालेला. खोल पन्हळ. फार सडपातळ. सहा आठवडे हेच कोरते आहे म्हणून मला आता काय बघायचं ते कळत होतं : वळण कुठून सुरू होतं, गाठीखाली किती घेतलं आहे, सुरी कुठे थांबली. त्यात कुठेही कौशल्य दाखवलेलं नाही. माझ्या चमच्यावर मी चार ठिकाणी सुरीने 'बघा' म्हटलं आहे.

आणखी एक गोष्ट तिथे उभं राहून सुचली. ओरिबेने चमचा सोन्यात मढवला नाही, पेटीत बंद केला नाही. फक्त खिडकी कापली. 1615 मध्ये ओरिबेलाही हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावांच्या हुकमाने पोट चिरावं लागलं. नळी आणि चमचा तोकुगावा घराण्याकडे आले आणि नागोयात राहिले. दोघांनाही सत्तेने मारलं, आणि दोघांची ही वस्तू सत्तेच्याच भांडारात चारशे वर्षं जपली गेली.

घरी आल्यावर माझा चमचा काढला आणि टोकाजवळ हौसेने घेतलेली धार बोथट केली.

10 मार्च

घासणं. पॉलिश पेपर वापरायचा नाही, त्याने सालीवर ओरखडे उठतात. तोकुसा नावाची एक पोकळ दांड्यांची वनस्पती असते, तिच्यात वाळूचा अंश असतो. वाळवलेला दांडा भिजवून चिरायचा, सपाट करायचा आणि त्याने कडा घासायच्या. सालीला तेही लावायचं नाही. सुरीच्या खुणा गराच्या बाजूला राहू द्यायच्या.

शेवटचा काप खालच्या टोकाचा. जास्तीचा भाग उडवून 18 सेंटिमीटरवर आणायचं. हे कापताना थरथर चालत नाही, कारण बघणारे जाणकार आधी टोक उलटं करून हाच काप पाहतात. माझा तीन घावांत झाला. तिसरा घाव दुसऱ्याला नीट मिळालेला नाही, नख लावलं तर पायरी लागते. आणखी कापलं असतं तर आखूड झाला असता. राहू दिला.

नळी केली. बुचासाठी सीडरचा तुकडा. बूच अजून सैल आहे.

20 मार्च

नाव द्यायचं. चांगल्या चाशाकुला नाव असतं आणि ते नळीवर शाईने लिहितात. चहा पिऊन झाला की मुख्य पाहुणा चमचा बघायला मागतो आणि विचारतो, कुणी केला, नाव काय. लाखो रुपयांचा वाडगा समोर असला तरी नावाचा प्रश्न त्या काडीसाठी ठरलेला आहे.

मी आधी मराठी शब्द शोधत होते. मग जुकोचं एक म्हणणं आठवलं, नो नाटकातल्या एका कलावंताच्या बोलण्यातून ते आपल्यापर्यंत आलं आहे : ढगांआड न जाणारा चंद्र मला आवडत नाही.  वसंतातल्या चंद्राच्या धूसरपणाला जपानीत 'ओबोरो' म्हणतात. माझ्या चमच्यावर गाठीच्या वर तो करडा डाग आहेच.

सेन्सेईंना विचारलं. त्यांनी चमचा उजेडात धरला, डाग पाहिला आणि ब्रश भिजवायला सांगितलं. नळीवर अक्षर मीच काढलं.

28 मार्च

रिक्यूचा स्मृतिदिन. खरा दिवस जुन्या पंचांगातला, दुसऱ्या महिन्याचा. नव्या गणनेत आमच्या परंपरेत तो आज पाळतात. कोनाड्यात मोहरीच्या जातीची पिवळी फुलं, नानोहाना. रिक्यूला वाहायची म्हणून हा दिवस येईपर्यंत चहाच्या खोलीत ती ठेवत नाहीत. बाजारात फेब्रुवारीपासून ढीग असतात आणि आम्ही बघून पुढे जातो.

माझी पाळी तिसरी. आधी वस्तू पुसायच्या. रेशमी फुकुसा घडी करून चाशाकु त्यात धरायचा आणि तीनदा पुसायचा. तो आधीच स्वच्छ असतो, सकाळी आत पुसलेला असतो. सहा वर्षं मी हे तीन वेळा पुसणं मोजत आले. आज मोजायचं राहून गेलं, कारण बोट गाठीवर आलं तेव्हा फुकुसातूनही ती झुकलेली कड लागली, आणि अठरा फेब्रुवारीची दुपार, मी उजवीकडून जास्त तासत होते ती, पूर्ण समोर आली. हात आपोआप सावकाश झाला. सेन्सेई इतकी वर्षं "सावकाश" म्हणत होत्या.

मग पूड. पातळ चहाला दीड चमचा घ्यायचा, साधारण दोन ग्रॅम. इथे माझ्या चमच्याचं खरं रूप कळलं. वळण उथळ आहे, त्यामुळे ढीग टोकावर थांबत नाही, डबीच्या तोंडापासून वाडग्यापर्यंत जाताना मागे पन्हळीत घसरतो. पहिल्या खेपेला निम्मी पूड घसरली. दुसऱ्या वेळी चमचा जवळजवळ आडवा धरला आणि वाडगा जवळ ओढला, मग जमलं. चार खेपा लागल्या. वाडग्याच्या कडेवर हलकी टिचकी मारली, पूड पडली, आवाज चांगला आला.

चहा झाला. मुख्य पाहुणी म्हणून बसलेल्या बाईंनी चमचा मागितला, चटईवर ठेवून दोन्ही हात टेकून वाकून पाहिला, उलटा केला, टोकाच्या कापावर थांबल्या.

"कुणी केला?"

"मी."

"नाव?"

"ओबोरो."

त्यांनी तो पुन्हा सुलटा केला आणि डाग शोधला.

संध्याकाळी सेन्सेईंना विचारलं की पुन्हा पाण्यात ठेवून वळण खोल करता येईल का. नाही म्हणाल्या, आता तिथे एक मिलिमीटरच उरला आहे, ज्योतीवर धरला तर साल करपेल. या चमच्याने चहा करायचा तर वाडगा जवळ घेऊनच करावा लागेल. पाणी लावायचं नसतं, म्हणून कोरड्या मऊ कागदाने पुसला आणि नळीत ठेवला. बूच अजून सैलच आहे. कागदाचा वळसा देऊन बसवलं, सीडरचा दुसरा तुकडा रविवारी आणते.